‘करी’ म्हणजे करतो, केले की करत असे?
पोवाड्यांतल्या आणि कवितेतल्या काळाचा एक शोध

जुने पोवाडे वाचणाऱ्या माणसासमोर एक प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. शाहीर लढाईचे वर्णन करत असतो. दोन ओळी भूतकाळात जातात: फौज निघाली, गड दिसला. पुढच्याच ओळीत क्रियापद बदलते आणि सरदार ‘बोले’, ‘चाले’, ‘करी’ अशी रूपे येऊ लागतात. मग पुन्हा ‘गेला’, ‘पडला’. हा बदल शाहिराने जाणून केला, की यमकाने त्याला ओढत नेले? इतिहासाच्या दृष्टीने याहून अवघड प्रश्न असा, की ‘चाले’ हा वर्तमानकाळ धरून ‘शाहीर प्रत्यक्ष पाहत होता’ असे म्हणता येईल का?

असे अनुमान मी पुष्कळदा ऐकले आहे. ते चूक का आहे, हे कळायला ‘करी’ या एका रूपाचा प्रवास पाहावा लागतो. तो कळला की आज कविता लिहिणाऱ्यालाही आपल्या भाषेत भूत आणि वर्तमान यांच्या मध्ये तिसरे काय आहे, हे हाती लागते.

ज्ञानेश्वरीच्या मराठीत, म्हणजे शके 1212 (इ. स. 1290) च्या सुमारास, ‘करी’ हे सरळ वर्तमानकाळाचे रूप होते. संस्कृत ‘करोति’, प्राकृत ‘करइ’, मराठी ‘करी’ अशी ती वाट. ‘करी’ म्हणजे करतो, ‘म्हणे’ म्हणजे म्हणतो. ‘करतो’, ‘म्हणतो’ ही ‘त’ची रूपे पुढे बळावली आणि रोजच्या बोलण्यातला वर्तमान त्यांनी घेतला. ‘करी’ला जागा सोडावी लागली, पण ते मेले नाही. मोरो केशव दामले यांनी 1911च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त क्रियापदांच्या रूपांना त्यांच्या प्रत्ययांवरून ताख्यात, लाख्यात, ई-आख्यात अशी नावे दिली, त्यामागचे शहाणपण इथे समजते. रूपाला काळाचे नाव दिले की ते रूप त्या एकाच काळाचे वाटू लागते. प्रत्ययाचे नाव दिले तर अर्थ वाक्यावरून ठरवायला वाचक मोकळा राहतो.

जुन्या वर्तमानाच्या खुणा आजही घरात सापडतात. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ किंवा ‘दाम करी काम’ या म्हणींत ‘साचे’ आणि ‘करी’ म्हणजे ‘साचत असे’, ‘करत असे’ नव्हे. साचते आणि करतो. ‘करील’, ‘जाईल’, ‘येईल’ या भविष्यकाळाच्या रूपांतून शेवटचा ‘ल’ काढा, आत ‘करी’, ‘जाई’, ‘येई’ उभे आहे. संतांच्या नाममुद्रेतले ‘तुका म्हणे’ हेही तसेच. तुकाराम ‘म्हणत असत’ असा तिथे अर्थ नाही. तुका म्हणतो आहे, आणि अभंग जितक्या वेळा म्हणाल तितक्या वेळा म्हणतो आहे. मोडी कागदपत्रांत हीच गोष्ट व्यवहाराला भिडते. सनदेच्या शेवटी ‘दिल्हे असे’ येते. आजच्या कानाला ‘असे’ म्हणजे पूर्वी कधी असायचे. कागदाचा अर्थ मात्र ‘दिले आहे’ असा आहे. तो ‘देत असत’ असा लावला, तर एका दिवशी झालेले दान जुनी वहिवाट होऊन बसते आणि जमिनीच्या इतिहासाची तारीखच सरकते.

मग ‘करी’ भूतकाळात कसे गेले? मला यात कथा सांगण्याच्या सवयीचा हात मोठा दिसतो. घडून गेलेली गोष्ट सांगताना वर्तमान वापरायची चाल फार जुनी आहे. पाणिनीचे ‘लट् स्मे’ हे सूत्र (3.2.118) ‘स्म’ जोडलेला वर्तमान भूतकाळासाठी चालतो, असेच सांगते. मराठीत बोलण्यातला वर्तमान ‘करतो’ने घेतल्यावर ‘करी’ मुख्यतः कथनात आणि पद्यात उरले. कथेतली गोष्ट झालेलीच असते, म्हणून हळूहळू त्या रूपालाच भूतकाळाचा वास लागला. शेवटी गद्यात त्याचा अर्थ आक्रसून ‘नेहमी करत असे’ एवढाच राहिला. शाळेच्या व्याकरणात आपण त्याला रीतिभूतकाळ म्हणतो.

शाहिरी कवने या प्रवासाच्या मधल्या टप्प्यावर आहेत. तिथे ‘चाले’ म्हणजे आजचे ‘चालत असे’ नाही, आणि ‘मी पाहतो आहे, तो चालतो आहे’ असेही नाही. ते कथनाचे रूप आहे. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा असो की सिंहगडावरचा तुळशीदासाचा, घटना पुढे सरकवायची ती ‘ल’ची रूपे आणि प्रसंग डोळ्यांपुढे धरायची ती ‘ई-ए’ची रूपे, अशी वाटणी वाचताना जाणवते; ती काटेकोर नाही, यमकही आपला वाटा मागते. त्यात आणखी एक अडचण आहे. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 साली पोवाड्यांचा संग्रह छापला, तोवर ही कवने कित्येक पिढ्या गोंधळ्यांच्या तोंडी होती. एखादे ‘चाले’ मूळ शाहिराचे की शेवटच्या गाणाऱ्याचे, हे त्या शब्दावरून ठरत नाही.

म्हणून शाहीर समकालीन होता की नाही, हे क्रियापदाच्या काळावरून काढू नये. त्यासाठी कवनाचा शेवट पाहावा. शाहीर जिथे स्वतःचे नाव घालतो, धन्याचे नाव घेतो, त्याला आयुष्य मागतो, तिथला वर्तमान कथेतला नसून गाणाऱ्याच्या बैठकीतला असतो. हयात नसलेल्या माणसाला कोणी दीर्घायुष्य चिंतत नाही. तो पुरावा झाला. मधल्या लढाईतले ‘बोले’, ‘चाले’ ही सांगण्याची रीत झाली.

आता आजच्या कवीकडे येतो. त्याच्या हाती गेलेल्या गोष्टीसाठी मराठीत तीन रूपे आहेत: ‘केले’, ‘करी’ आणि ‘करतो’. नमुन्यासाठी मीच जुळवलेल्या सहा साध्या ओळी देतो. विषय 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराचा.

आजी चुलीपुढे बसे, नदीची गोष्ट सांगे.
त्या सकाळी धरण फुटले, नदी पेठेत आली.
आजी देव्हाऱ्यातले देव उचलते,
पदरात बांधते, जिन्याची पायरी चढते.
दुपारी खालची खोली बुडाली.
भिंतीवर त्या पाण्याची रेघ आहे.

पहिल्या ओळीतले ‘बसे’, ‘सांगे’ एका दिवसाचे नाही, वर्षानुवर्षांचे आहे. दुसऱ्या ओळीत ‘फुटले’, ‘आली’ येताच त्या रीतीत खंड पडतो, आणि ‘त्या सकाळी’ने तो खंड नेमका कुठे हे दाखवले आहे. तिसऱ्या ओळीत वर्तमान आला. तो का आला, हे पाहायला ती ओळ भूतकाळात लिहून पाहा: ‘आजीने देव्हाऱ्यातले देव उचलले.’ काळ बदलला, पण त्याबरोबर आणखीही काही बदलले. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेले की मराठीत कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाने चालते. ‘उचलले’ हे देवांच्या मागे गेले. ‘उचलते’ आजीच्या मागे आहे. म्हणजे आपल्या भाषेत भूतातून वर्तमानात येणे म्हणजे बहुतेकदा केलेल्या वस्तूकडून करणाऱ्या माणसाकडे येणे. ‘गड घेतला’ यात गड पुढे, ‘गड घेतो’ यात घेणारा पुढे. इथे पाणी चढत असताना आपल्याला बाई दिसायला हवी होती, म्हणून तो बदल कामाचा आहे. ‘आली’, ‘चढली’सारख्या अकर्मक क्रियापदांत हा फायदा मिळत नाही, तिथेही कर्ताच पुढे असतो. ज्या कडव्यात सगळी क्रियापदे अकर्मक आहेत, तिथे काळ बदलून फार थोडे हाती लागते.

पाचव्या ओळीत ‘बुडाली’ने घटना पुन्हा मिटली. शेवटच्या ओळीतला ‘आहे’ तिसऱ्या ओळीच्या वर्तमानासारखा नाही. आजी उचलते तो वर्तमान कथेतला. रेघ आहे तो वाचणाऱ्याच्या आजचा. हे दोन वर्तमान एकमेकांना चिकटून आले असते तर रेघही त्याच सकाळची वाटली असती. मधली ‘बुडाली’ची ओळ कुंपणासारखी तिथे हवी आहे. पोवाड्यात शेवटच्या नाममुद्रेआधी युद्धाचा निकाल भूतकाळात लागतो, त्याचे कामही मला असेच वाटते.

बिघडते ते दोन ठिकाणी. पहिले, एकदाच घडलेल्या गोष्टीला ‘ई-ए’चे रूप लावले की. ‘त्या सकाळी आजी देव उचली’ असे लिहिले, तर जुन्या शाहिराला चालले असते. आजच्या कानाला आजी रोज देव उचलत होती असे ऐकू येते. ओळीत ‘त्या दिवशी’ घालून पाहावे. तिथे ती अडखळली आणि ‘नेहमी’ घातल्यावर सुरळीत चालली, तर ते रूप रीतीचे आहे आणि घटनेला चालणार नाही. याच रूपाचे अनेकवचन ‘करीत’, ‘जात’ असे होते आणि ते ‘करीत होते’चे तुटलेले टोक वाटते, म्हणून अनेकवचनात ‘करीत असत’ असे पुरे लिहिणे बरे.

दुसरे बिघडते ते वर्तमान फार लांबला की. दोनचार ओळी प्रसंग डोळ्यांपुढे राहतो, पुढे तीस ओळी तोच काळ चालला तर वाचक त्यालाच कवितेचा साधा काळ धरतो आणि बदल झाला होता हेच विसरतो. मग मागचे काही सांगायला ‘आली होती’, ‘ठेवले होते’ अशी रूपे गोळा होऊ लागतात. कवितेत ‘होता-होती’ वाढलेले दिसले, की वर्तमान गरजेपेक्षा आधी सुरू झाला किंवा उशिरा थांबला, असे समजावे. बदल जाणून केलेला आहे की यमकासाठी घडला, हे तपासायचीही एक रीत आहे. ती ओळ यमक सोडून दुसऱ्या काळात लिहावी. यमकाखेरीज काहीच हरवले नाही, तर तो बदल यमकाने केला आहे. तिथे आजी मागे पडून देव पुढे आले, तसे कोणी पुढेमागे झाले, तर तो कवीचा आहे.