कर्णाची बाजू

* ‘कर्णाची बाजू’: कर्ण म्हटला की मराठी वाचकाला आधी ‘मृत्युंजय’ (१९६७) आठवते, मग महाभारत. सभापर्वातला कर्ण मात्र द्रौपदीला भर सभेत कुलटा ठरवतो आणि तिची वस्त्रे उतरवायला दुःशासनाला सांगतो. (स्वयंवरात तिने त्याला सूतपुत्र म्हणून नाकारल्याचा प्रसंग भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीच्या मूळ संहितेत नाही, म्हणजे सूडाची सबबही डळमळते.) तरी वाचक त्याच्याकडेच ओढला जातो, कारण जन्मावरून नाकारला गेलेला आणि मिठाला जागणारा माणूस महाभारतालाही मोलाचा वाटतो. उद्योगपर्वात तो कृष्णाजवळ पश्चात्ताप व्यक्त करतो, पण दुर्योधनाला खूश करण्यासाठी पांडवांना बोललेल्या कठोर शब्दांबद्दल. द्रौपदीचे नाव त्यात येत नाही. शिवाजी सावंतांच्या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण स्वतःच्या तोंडून कथा सांगतात. सातवे तोंड द्रौपदीचे असते, तर कर्णासाठी डोळे पुसणे वाचकाला इतके सोपे गेले नसते, असे प्रस्तुत संपादकाला वाटते. — संपा.