पुरवठा साखळीची ताणचाचणी आणि पुनर्स्थापन काळ : मुंढेगाव येथील आगींच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात मुंढेगाव येथे जिंदाल पॉलीफिल्म्स या उद्योगसमूहाचा कारखाना आहे. बिस्किटे, वेफर्स, मसाले अशा असंख्य वस्तूंच्या वेष्टनासाठी लागणारी प्लास्टिक फिल्म येथे तयार होत असे. 1 जानेवारी 2023 रोजी या कारखान्यात स्फोट होऊन भीषण आग लागली व त्यात कामगारांना प्राण गमवावे लागले. पुढे मे 2025 मध्ये याच परिसरात पुन्हा मोठी आग लागली आणि ती आटोक्यात आणण्यास दोन दिवसांहून अधिक काळ लागला. मनुष्यहानीचे मोल कोणत्याही हिशेबात बसत नाही. तथापि अशा घटनेनंतर त्या मालावर अवलंबून असणारे इतर उद्योग किती दिवस तग धरू शकतात, हा प्रश्न शेकडो लहान कारखान्यांच्या रोजगाराशी निगडित आहे. हा प्रश्न आगीपूर्वीच विचारण्याची पद्धत म्हणजे पुरवठा साखळीची ताणचाचणी होय. या पद्धतीमागील कल्पना कशी घडत गेली आणि मुंढेगावच्या संदर्भात तिचा अर्थ काय होतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

कारीया येथील आग, 1997 :

1 फेब्रुवारी 1997 रोजी पहाटे जपानमधील कारीया येथे ऐसिन सेइकी या कंपनीचा कारखाना जळाला. मोटारीच्या मागील ब्रेककडे जाणारा दाब नियंत्रित करणारी एक छोटी झडप तेथे तयार होत असे. झडप स्वस्त होती, परंतु टोयोटाला लागणाऱ्या जवळजवळ सर्व झडपा याच एका ठिकाणाहून येत. साठा अत्यल्प ठेवण्याच्या धोरणामुळे काही दिवसांतच टोयोटाचे जपानमधील बहुतेक कारखाने थांबले.

यानंतर जे घडले ते पुनर्स्थापन काळाच्या संकल्पनेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ऐसिनने झडपेची रेखाचित्रे इतर कंपन्यांना दिली. सुमारे 200 कंपन्या या कामात सहभागी झाल्या. शिवणयंत्रे बनविणाऱ्या ब्रदर या कंपनीनेही आपली यंत्रे बदलून झडपा घडविल्या. परिणामी दहा दिवसांच्या आत टोयोटाचे उत्पादन जवळजवळ पूर्ववत झाले. ऐसिनचा स्वतःचा कारखाना पूर्ववत होण्यास मात्र त्यानंतरही अनेक आठवडे लागले. याचा अर्थ असा की, इमारत पुन्हा उभी राहण्याचा काळ आणि त्या इमारतीतून होणारे कार्य पुन्हा सुरू होण्याचा काळ हे दोन भिन्न काळ आहेत. ग्राहक उद्योगासाठी दुसरा काळ महत्त्वाचा ठरतो.

संकल्पनेचे गणित :

2010 नंतरच्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक डेव्हिड सिम्ची-लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ड कंपनीसमवेत काम करून या अनुभवाला गणिती रूप दिले. आग, पूर किंवा भूकंप यांची शक्यता किती, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. कारण दुर्मीळ घटनेची शक्यता विश्वासाने मोजता येत नाही. त्याऐवजी साखळीतील प्रत्येक ठिकाण काही काळ बंद पडले असे मानून परिणाम मोजण्यात आला. यासाठी दोन काळ विचारात घेतले जातात. पहिला पुनर्स्थापन काळ, म्हणजे त्या ठिकाणचे कार्य पूर्ववत होण्यास लागणारा काळ. दुसरा तग काळ, म्हणजे ते ठिकाण बंद असतानाही ग्राहकाचे उत्पादन न थांबता चालू राहील असा काळ. तग काळ कमी आणि पुनर्स्थापन काळ जास्त असेल, तेथे धोका आहे. फोर्डच्या अभ्यासात हा धोका अनेकदा स्वस्त भागांत दडलेला आढळला. कारीयाच्या झडपेने तेच पूर्वी दाखवून दिले होते.

वेष्टन उद्योगाचे उदाहरण :

हे गणित फिल्मच्या साखळीला लावून पाहता येते. फिल्मचे रोल प्रथम छपाई व लॅमिनेशन करणाऱ्या उद्योगाकडे जातात आणि तेथून छापील वेष्टन खाद्यपदार्थांच्या कारखान्याकडे जाते. पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी गृहीत धरले आहेत. समजा, छपाई करणाऱ्याकडे 12 दिवसांची फिल्म, वाटेत 5 दिवसांचा माल आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्याकडे 8 दिवसांचे छापील वेष्टन आहे. फिल्म पुरविणारा एकमेव कारखाना जळाला, तर तग काळ 25 दिवसांचा होतो.

आता दुसऱ्या उत्पादकाकडून फिल्म घ्यावयाची झाल्यास नमुना मिळविण्यास 7 दिवस, चाचणी छपाईस 6, वेष्टनाची शिवण व अन्नसुरक्षा तपासून ग्राहकाची मान्यता मिळण्यास 14, त्या उत्पादकाकडील मागणीच्या रांगेत 10 आणि वाहतुकीस 3 दिवस धरावे लागतील. ही कामे एकामागून एक होत असल्याने पुनर्स्थापन काळ 40 दिवसांचा होतो. म्हणजे 15 दिवस कारखाना बंद राहील. हीच मान्यता शांततेच्या काळात आधी घेऊन ठेवली, तर पहिले 27 दिवस वाचून केवळ 13 दिवस उरतात आणि तग काळ पुरेसा ठरतो. तसेच दुसऱ्या उत्पादकाकडून नेहमीच 30 टक्के माल घेतला जात असेल आणि तो पुरवठा चालू राहिला, तर साठा रोज 70 टक्के दरानेच संपेल. त्यामुळे तग काळ 25 दिवसांवरून सुमारे 36 दिवसांवर जातो.

अंदाजातील दोष :

या गणितात चूक होते ती प्रामुख्याने दोन ठिकाणी. पहिली चूक पुरवठादाराच्या आशावादी अंदाजाची. 19 मार्च 2021 रोजी जपानमधील रेनेसास कंपनीच्या नाका येथील चिप कारखान्यात आग लागली. महिनाभरात उत्पादन सुरू करण्याचे उद्दिष्ट कंपनीने जाहीर केले आणि 17 एप्रिल रोजी ते सुरूही झाले. परंतु आगीपूर्वीची उत्पादनक्षमता गाठण्यास जून महिन्याची अखेर उजाडली. ‘किती दिवसांत सुरू होईल’ आणि ‘किती दिवसांत पूर्वीइतका माल मिळेल’ हे प्रश्न म्हणूनच वेगळे विचारावे लागतात.

दुसरी चूक स्वतंत्र नसलेल्या पर्यायांना स्वतंत्र मानण्याची. एकाच आवारातील दोन उत्पादनरेषा कागदावर दोन स्रोत दिसतात; आग मात्र आवार पाहते. फिल्म व तिचा कच्चा माल ज्वलनशील असतो आणि फिल्म ताणणारी यंत्रे जगातील मोजक्या निर्मात्यांकडून मागवावी लागतात. ती नव्याने उभी करण्यास वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. म्हणून चाचणीत एक यंत्र नव्हे, तर संपूर्ण आवार वगळून पाहणे आवश्यक ठरते. शिवाय खऱ्या आगीनंतर सर्वच ग्राहक एकाच वेळी दुसऱ्या उत्पादकाकडे धाव घेतात. वरील उदाहरणातील 10 दिवसांची रांग 25 दिवसांची झाली, तर आधी मान्यता घेऊनही पुनर्स्थापन काळ 28 दिवसांचा होतो आणि तीन दिवसांची तूट उरते. रांगेतील स्थान करारान्वये आधीच निश्चित केले असेल, तरच ती टळते.

समारोप :

कारीयामध्ये परस्परांना ओळखणाऱ्या शेकडो पुरवठादारांमुळे पुनर्स्थापन काळ कमी झाला. ती झडप सामान्य यंत्रांवर घडविता येण्याजोगी होती, हेही त्यामागील कारण होते. फिल्मबाबत अशी सोय नाही, कारण सातपूर वा अंबड येथील लहान कारखान्यांची यंत्रे तिची निर्मिती करू शकत नाहीत. त्यामुळे येथे भर तग काळ वाढविण्यावर आणि पर्यायी मालाच्या पूर्वमान्यतेवर द्यावा लागतो. मुंढेगाव येथे अडीच वर्षांच्या आत दोनदा लागलेल्या आगीतून आणखी एक बाब स्पष्ट होते. एका आपत्तीतून सावरलेले ठिकाण ताणचाचणीच्या यादीतून वगळता येत नाही.