स्वेटरच्या ओळी एकसारख्या का येत नाहीत? उपाय आहे सुईच्या नंबरात

दोन सुयांवर सपाट विणताना समोरून सुलट ओळ आणि मागून उलट ओळ अशी आलटून-पालटून विणली जाते. टाके बरोबर मोजले, एकही सुटला नाही, तरी कापडावर आडवे पट्टे दिसतात. असं का होतं?

कारण काय?
उलट टाका घालताना अनेकांच्या हातून धागा थोडा जास्त सैल सुटतो. त्यामुळे ती ओळ मोठी होते आणि सुलट ओळ तुलनेने घट्ट राहते.

कसं ओळखायचं?
कापडाची मागची बाजू पाहा. तिथले उंचवटे दोन-दोनच्या जोडीने आणि मध्ये खाच पडून दिसत असतील, तर हाच दोष आहे. गणपतीपुळ्यासारख्या दमट किनाऱ्यावर घामट बोटांत धागा अडकूनही टाके घट्ट होतात. पण तो घट्टपणा कुठेही, अनियमित दिसतो. एकाआड एक ओळीत नाही.

कोणती ओळ सैल आहे तेही तपासा. उलट ओळ संपवून कापड समोरून धरा. सुईवरची ओळ उलट, तिच्या खालची सुलट, त्याखालची पुन्हा उलट. सुईवरची ओळ सोडून खालच्या दोन ओळींत कोणत्या ओळीचे टाके मोठे आहेत, ते बघा.

उपाय काय?
टाक्याचा आकार उजव्या हातातली सुई ठरवते, कारण नवा टाका तिच्यावर तयार होतो. उलट ओळ सैल असेल तर एक सुई १० नंबरची (३.२५ मिमी) आणि दुसरी ११ नंबरची (३ मिमी) घ्या. आपल्याकडच्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते.

सुरुवातीचे टाके ११ नंबरवर घाला आणि पहिली सुलट ओळ १० नंबरने विणा. मग उलट ओळ आपोआप ११ नंबरवर येईल. काम मध्येच थांबलं तरी गोंधळ नाही: टाके जाड सुईवर असतील तर पुढची ओळ उलट.

आधी ३० टाके आणि २० ओळींचा नमुना विणा. पट्टे उरले तर ११ ऐवजी १२ नंबर वापरा. आता सुलट ओळीच मोठ्या दिसू लागल्या, तर फरक जास्त झाला असं समजा.

माप बदलतं का?
हो. समजा, १० सेंमीमध्ये २२ टाके धरून ४५ सेंमी पाठीसाठी ९९ टाके घेतलेत. नव्या सुयांवर २३ टाके बसले, तर पाठ ४३ सेंमीच भरेल. म्हणून नमुना मोजून टाके पुन्हा ठरवा. इथे साधारण १०४ लागतील.

आधीच विणलेल्या कापडाचं काय?
खरी लोकर भिजवून, सपाट पसरून वाळवली की किरकोळ फरक बराच मिटतो. ॲक्रिलिकमध्ये तेवढा फरक पडत नाही. पट्टे ठळक असतील तर उसवणंच बरं. मात्र अर्धवट कामात मध्येच सुई बदलू नका, नाहीतर वरचा भाग खालच्यापेक्षा अरुंद होईल.