प्रतोदाच्या मुठीतले मत

पक्षांतरबंदी कायद्याचा इतिहास हरयाणाच्या गयालाल यांच्यापासून सांगायची पद्धत आहे. १९६७ मध्ये त्यांनी पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द देशभर गेला. किस्सा मजेदार आहे, पण त्याने मूळ प्रश्न झाकला जातो. म्हणून मला ही गोष्ट यशवंतराव चव्हाणांच्या समितीपासून सांगावीशी वाटते.

डिसेंबर १९६७ मध्ये लोकसभेने पक्षांतराचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचा ठराव केला. चव्हाण तेव्हा केंद्रीय गृहमंत्री होते आणि समितीचे अध्यक्षही तेच झाले. समितीत वेगवेगळ्या पक्षांचे नेते होते, कायदेपंडित होते, जयप्रकाश नारायण होते. १९६९ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालातला एक आकडा सगळे काही सांगून जातो. १९६७ च्या निवडणुकीनंतरच्या एका वर्षात ४३८ पक्षांतरे झाली होती. समितीने काही राज्यांतल्या पक्ष सोडणाऱ्या २१० आमदारांचा हिशेब काढला, तर त्यातले ११६ जण मंत्री झालेले निघाले, आणि तेही आपणच पक्ष बदलून उभ्या केलेल्या सरकारांत.

म्हणजे रोग कुठे आहे हे समितीला नेमके कळले होते. आमदार विचार बदलल्यामुळे नव्हे, मंत्रिपदासाठी जात होते. त्यामुळे उपायही तिथलाच सुचवला गेला. पक्ष बदलणाऱ्याला वर्षभर, किंवा तो पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्रिपद देऊ नये आणि मंत्रिमंडळाचा आकारच आटोक्यात ठेवावा. आमिषाची थाळी लहान केली की गर्दी आपोआप कमी होईल, असा हा साधा हिशेब होता.

पुढच्या सरकारांनी मात्र थाळीला हात लावला नाही. त्यांनी आमदाराच्या मतालाच हात घातला.

१९७३ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने घटनादुरुस्तीचे विधेयक आणले. त्यात पक्ष सोडणाऱ्याबरोबरच पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्याचेही सदस्यत्व जाणार होते. दोन वेगळ्या गोष्टी इथे एका दोरीत बांधल्या गेल्या. विधेयक संयुक्त समितीकडे गेले आणि लोकसभेबरोबर संपले. १९७८ मध्ये जनता सरकारने पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा विधेयक मांडतानाच सत्ताधारी बाकांवरूनही विरोध झाला. विरोध करणाऱ्यांत मधू लिमये होते. पक्षांतर आणि मतभेद यांत फरक आहे, आणि पक्षात राहून एखाद्या प्रश्नावर वेगळे मत देणाऱ्याला विकाऊ माणसाच्या रांगेत बसवता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. सरकारला विधेयक मागे घ्यावे लागले. आणीबाणीत तुरुंग पाहिलेल्या सभागृहाला पक्षादेशाची धास्ती वाटणे स्वाभाविक होते.

सात वर्षांनी ही धास्ती उरली नव्हती. १९८४ च्या निवडणुकीत राजीव गांधींना चारशेहून अधिक जागा मिळाल्या आणि जानेवारी १९८५ मध्ये बावन्नावी घटनादुरुस्ती दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार पडली. १ मार्चपासून दहावे परिशिष्ट लागू झाले. मूळ मसुद्यात पक्षाने काढून टाकलेल्या सदस्याचेही सदस्यत्व रद्द करण्याची तरतूद होती. विरोधकांनी ती काढायला लावली, ही त्यांची मोठी कामगिरी म्हटली पाहिजे. नाहीतर पक्षाध्यक्षाच्या एका चिठ्ठीवर लोकांनी निवडलेला माणूस घरी गेला असता. पण आदेशाविरुद्ध मत दिले किंवा गैरहजर राहिले आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर सदस्यत्व धोक्यात, हे कलम कायम राहिले.

व्हिप, म्हणजे प्रतोदाने काढलेला आदेश, त्याआधीही होताच. तो मोडणाऱ्याला पक्ष फार तर काढून टाकी किंवा पुढच्या वेळी तिकीट नाकारी. आता त्या आदेशामागे राज्यघटना उभी राहिली.

वर्षभरातच त्याचा अर्थ देशाने पाहिला. शाहबानो निकालानंतर सरकारने फेब्रुवारी १९८६ मध्ये मुस्लिम महिलांसंबंधीचे विधेयक आणले. आरिफ मोहम्मद खान यांनी आदल्या वर्षी लोकसभेत सरकारच्या बाजूनेच त्या निकालाचे समर्थन केले होते. आता सरकारने भूमिका फिरवली आणि त्यांनी मंत्रिपद सोडले. मे महिन्यात काँग्रेसने व्हिप काढला आणि लोकसभेत विधेयक ३७२ विरुद्ध ५४ मतांनी संमत झाले. विधेयक बरे की वाईट, हा वाद आपल्याकडे अजून संपलेला नाही, आणि तो इथे सोडवायचाही नाही. मला अडखळायला होते ते त्या ३७२ आकड्यापाशी. त्यातल्या किती जणांना विधेयक मनापासून पटले होते, किती जणांना मतदारांची भीती होती आणि किती जणांना फक्त आसन टिकवायचे होते? मतदानाची नोंद याचे उत्तर देत नाही. मुस्लिम खासदारांनी आपल्या समाजाच्या प्रश्नावर काय विचार केला, हेही तिच्यातून कळत नाही. पुढे त्या निर्णयाचे खापर आणि श्रेय मात्र सगळ्या समाजाच्या नावावर टाकले गेले.

भाषणाला कायद्याने बंदी नाही, एवढे खरे. सदस्य विरोधात बोलू शकतो. बोलून झाल्यावर मात्र त्याला बटण पक्षाचेच दाबावे लागते.

आणि घाऊक पक्षांतर? त्याला १९८५ च्या कायद्यात राजमार्ग होता. पक्षाच्या एक तृतीयांश आमदारांनी फूट पाडली तर ती वैध. याचे गणित महाराष्ट्राने १९९१ मध्ये नागपूर अधिवेशनात पाहिले. शिवसेनेचे ५२ आमदार होते. त्याचा तिसरा हिस्सा १७ च्या थोडा वर जातो, म्हणून १८ सह्या हव्या होत्या. छगन भुजबळांच्या गटाच्या पत्रावर १८ नावे निघाली. त्यातले अनेक जण लगेच मागे फिरले, तरी विधानसभा अध्यक्षांनी फूट ग्राह्य धरली. एकट्याने सदसद्विवेकाने मत दिले असते तर आमदारकी गेली असती, अठरा जण मिळून गेले तर कायद्याचे संरक्षण! ही फुटीची सवलत २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढली. त्याच दुरुस्तीने मंत्रिमंडळाला १५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद नाकारले. चव्हाण समितीची मूळ सूचना अशी ३४ वर्षांनी घटनेत आली, पण व्हिपचे कलम तसेच ठेवून.

१९९२ मध्ये किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी कायदा वैध ठरवला. त्याच वेळी असेही सुचवले की सदस्यत्व घालवणारा आदेश विश्वासदर्शक ठरावासारख्या, सरकार टिकण्याच्या प्रश्नापुरता किंवा पक्षाच्या मूलभूत धोरणापुरता असावा. पक्षांनी हे मनावर घेतले नाही. संसदेनेही त्यानुसार कायद्याचे शब्द बदलले नाहीत.

उरला दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाचा अपवाद आणि ‘पक्ष नेमका कोणाचा’ हा प्रश्न. जून २०२२ मध्ये शिवसेनेत एका बाजूचे प्रतोद सुनील प्रभू होते, दुसऱ्या बाजूचे भरत गोगावले. दोघांचेही आदेश एकाच पक्षाच्या नावाने निघाले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळातल्या गटाला नाही, राजकीय पक्षाला आहे. अपात्रतेचा निर्णय मात्र विधानसभा अध्यक्षांकडेच राहिला. १० जानेवारी २०२४ रोजी राहुल नार्वेकर यांनी शिंदे गट हाच खरा पक्ष ठरवला, गोगावलेंची नेमणूक वैध धरली आणि दोन्ही बाजूंच्या याचिका फेटाळल्या. ठाकरे गटाच्या आमदारांपर्यंत व्हिप नीट पोहोचलाच नव्हता, हे त्यांना वाचवणारे कारण ठरले. दोन प्रतोद, दोन परस्परविरोधी आदेश, आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र नाही.