एस्प्रेसोचं पक प्रेप: पूड पसरवणं, टॅम्पिंगचा दाब आणि चॅनलिंग म्हणजे नेमकं काय?

घरी एस्प्रेसो मशीन घेतलेल्या जवळपास प्रत्येकाला पहिल्या महिन्यात एक अनुभव येतो. बीन्स तेच, ग्राइंडरचं सेटिंग तेच, वजन तेच, पण सकाळचा शॉट छान आणि दुपारचा आंबट, पाणचट. सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. कोड बदललेला नसताना एखादी टेस्ट कधी पास होते, कधी फेल. अशा वेळी बहुधा आपण कंट्रोल न केलेली एखादी गोष्ट दर वेळी बदलत असते. एस्प्रेसोमध्ये ती गोष्ट म्हणजे पक.

बास्केटमध्ये दाबून बसवलेली कॉफीची चकती म्हणजे पक. माझ्या ५८ मिमीच्या बास्केटमध्ये १८ ग्रॅम पुडीची चकती जेमतेम सव्वा ते दीड सेंटिमीटर जाड होते. तिच्यावर मशीन ९ बारच्या आसपास दाबाने गरम पाणी ढकलतं. २५ ते ३० सेकंदांत खाली ३६ ग्रॅम कॉफी यावी, असा सर्वसाधारण हिशोब असतो. पाण्याला अडवायला मध्ये दुसरं काही नाही, फक्त ही चकती. ती सगळीकडे सारखी नसेल तर पाणी सगळीकडून सारखं जाणार नाही.

चॅनलिंग म्हणजे ओघळ

पावसाळ्यात मातीच्या उतारावर ओघळ कसे पडतात ते आठवा. सुरुवातीला एखादी जागा थोडीशीच भुसभुशीत असते. तिथून जरा जास्त पाणी जातं, ते माती वाहून नेतं, जागा आणखी पोकळ होते, मग आणखी पाणी तिकडेच वळतं. पकमध्ये हेच काही सेकंदांत घडतं. सैल जागेतून पाणी जोरात जातं, तिथले बारीक कण आणि विरघळणारे पदार्थ घेऊन जातं आणि वाट मोठी होते. यालाच चॅनलिंग म्हणतात.

छोटासा फरक किती महागात पडतो, याचा अंदाज घेऊ. पुडीच्या थरातून पाणी किती सहज जाईल ते कणांच्या आकारावर आणि कणांमधल्या पोकळीवर ठरतं. समजा, पकमध्ये साधारण ४० टक्के पोकळी आहे, पण एका बाजूच्या १० टक्के भागात ती ५० टक्के राहिली. अशा थरांसाठी वापरतात त्या कोझेनी-कारमन सूत्राने बघितलं तर सैल भागातून पाणी जवळजवळ २.८ पट सहज जातं. म्हणजे १० टक्के जागेतून जवळपास २४ टक्के पाणी! हे फक्त सुरुवातीचं गणित झालं, ओघळ मोठा होणं अजून यात धरलेलंच नाही.

कपात याचा परिणाम विचित्र दिसतो. ओघळाजवळच्या कॉफीतून गरजेपेक्षा जास्त अर्क निघतो, तो कडू आणि तुरट लागतो. बाकीच्या पकमधून कमी निघतो, तो आंबट लागतो. एकाच घोटात आंबट आणि तुरट दोन्ही जाणवलं की माझा पहिला संशय चॅनलिंगवर जातो. नुसतं आंबट असेल तर दळण किंवा तापमान बघावं.

पूड पसरवणं: खरं काम इथे आहे

ग्राइंडरमधून पूड पडते ती एकसारखी नसते. बारीक दळलेल्या पुडीच्या गुठळ्या होतात आणि बास्केटमध्ये एका बाजूला ढीग लागतो. वरून बोटाने किंवा फिरवायच्या लेव्हलरने पृष्ठभाग सपाट केला की दिसायला छान दिसतं, पण खालची गुठळी तशीच राहते. त्या चकचकीत लेव्हलरवर पैसे घालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तो फक्त वरचा थर सरकवतो.

उपाय म्हणजे डब्ल्यूडीटी, अर्थात वाइस डिस्ट्रिब्युशन टेक्निक. जॉन वाइस या हौशी कॉफीवाल्याने २००५ मध्ये ती मांडली, आणि त्यात बारीक सुईने पूड ढवळणं एवढंच आहे. सुई ०.३ ते ०.४ मिमीची हवी. टूथपिक वापरू नका, ती जाड असल्यामुळे गुठळी फोडण्याऐवजी पुडीत चर पाडते. अ‍ॅक्युपंक्चरच्या चार-पाच सुया वाइनच्या बुचात खोचल्या की साधन तयार.

पद्धत अशी. बास्केट आधी कोरडी पुसायची, कारण ओल्या कडेला पूड चिकटते. दळण्याआधी बीन्सवर पाण्याचा एखादा बारीक फवारा मारला की स्थिर वीज कमी होते आणि पूड इकडेतिकडे उडत नाही. पोर्टाफिल्टरवर फनेल ठेवून पूड घ्यायची. मग सुया थेट तळापर्यंत न्यायच्या आणि छोटी छोटी वर्तुळं काढत कडेपासून मध्यापर्यंत सगळीकडे फिरायचं. गुठळ्या फुटल्या की सुया हळूहळू वर आणायच्या आणि शेवटी फक्त वरचा थर सारखा करायचा. याला १५ ते २० सेकंद लागतात. बहुतेक लोक चुकतात ते तळाशी न पोहोचल्यामुळे. शेवटी पोर्टाफिल्टर ओट्यावर सरळ एकदाच हलकेच आपटायचा, म्हणजे पूड बसते.

टॅम्पिंग: किती दाबायचं?

"३० पौंड दाबा" हा जुना सल्ला तुम्ही वाचला असेल. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास. काही जण बाथरूमचा वजनकाटा घेऊन सराव करतात. मीही केलाय, आईने काय चाललंय म्हणून विचारलं होतं.

आता आकडे बघा. ५८ मिमी चकतीचं क्षेत्रफळ सुमारे २६.४ चौरस सेंटिमीटर. १५ किलो भार टाकला तर दाब होतो फक्त अर्ध्या बारपेक्षा किंचित जास्त. मशीन मात्र ९ बार लावतं, म्हणजे त्याच क्षेत्रफळावर सुमारे २४० किलो. तुमच्या हाताने १२ किलो लावले की १८, याने पाण्याच्या बाजूने फारसं काही बदलत नाही. टॅम्पिंगचं काम वेगळं आहे. पाणी येण्याआधी कणांमधली हवेची मोठी पोकळी काढून टाकायची आणि पक एकसंध करायचा. दाबत गेलं की एका टप्प्यावर पूड आणखी खाली जायचं थांबते. तेव्हा थांबायचं. रोज तेवढंच, बस.

दाबापेक्षा सपाटपणा महत्त्वाचा. टॅम्पर तिरका बसला आणि पक एका बाजूला १२ मिमी, दुसऱ्या बाजूला १४ मिमी झाला, तर पाणी पातळ बाजूने जास्त जाणार हे उघड आहे. कोपर टॅम्परच्या बरोबर वर ठेवा, मनगट सरळ ठेवा, आणि बोटांची टोकं बास्केटच्या कडेला टेकवून चहूबाजूंनी उंची सारखी आहे का ते तपासा. शेवटी टॅम्पर गोल फिरवून पॉलिश करायची गरज नाही. दाबल्यावर पोर्टाफिल्टरच्या बाजूला टकटक करायची सवय असेल तर ती सोडा. त्याने पक बास्केटच्या कडेपासून सुटतो आणि पाण्याला कडेने आयती वाट मिळते.

एक तपासणी एकदाच करून ठेवा. टॅम्प केलेल्या पकवर धुतलेलं नाणं ठेवून पोर्टाफिल्टर मशीनला लावा आणि लगेच काढा. नाणं पकमध्ये रुतलं असेल तर वर जागा कमी आहे. अर्धा-एक ग्रॅम पूड कमी करून पुन्हा बघा.

माझी फसगत, आकड्यांसकट

मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला तो भाग हा. १८ ग्रॅम आत, ३६ ग्रॅम बाहेर, पंप चालू केल्यापासून वेळ मोजायची. एकाच सेटिंगवर लागोपाठ तीन शॉट काढले: १७, २६ आणि १९ सेकंद. शॉट लवकर येतोय म्हणजे दळण जाडं आहे, असं समजून मी दोन खाचा बारीक केलं. मग आले ३१, १८ आणि २४. चव आणखी बिघडली.

चूक अशी होती की बारीक पुडीच्या गुठळ्या जास्त होतात आणि पक पाण्याला जास्त अडवतो, त्यामुळे जी कमजोर जागा असेल तिच्यावर पाणी आणखी तुटून पडतं. ओरेगन विद्यापीठाच्या क्रिस्टोफर हेंडन आणि सहकाऱ्यांनी जानेवारी २०२० मध्ये 'मॅटर' या नियतकालिकात हेच दाखवलं: एका मर्यादेपलीकडे बारीक दळलं तर अर्क वाढण्याऐवजी कमी होतो, कारण पाणी पकमधून असमान जातं.

मग त्याच बारीक सेटिंगवर सुयांनी तळापासून ढवळून पुन्हा तीन शॉट काढले: ३७, ३८, ३६. आता खूपच हळू! पण तिन्ही जवळजवळ सारखे. दोन खाचा परत जाडं केलं तर २९, २८, ३०. म्हणजे माझं मूळ सेटिंग पहिल्यापासून बरोबर होतं.

म्हणून ग्राइंडरला हात लावण्याआधी एकाच सेटिंगवर तीन शॉट काढा. तिन्ही लवकर येतात आणि दोन-तीन सेकंदांच्या आत आहेत, तर दळण बारीक करा. आकडे विखुरलेले असतील तर आधी पूड पसरवण्याकडे बघा.

डोळ्यांनी कसं ओळखायचं

तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर असेल तर काम सोपं होतं. चांगल्या शॉटमध्ये तळाच्या जाळीवर सगळीकडे साधारण एकाच वेळी थेंब दिसतात आणि मग ते मध्यभागी एका धारेत मिळतात. बारीक चिळकांडी उडाली, एखादा भाग कोरडाच राहिला किंवा एकाच बाजूची धार लवकर फिकी झाली, तर तिथे ओघळ आहे. दर वेळी त्याच बाजूला होत असेल तर टॅम्पर तिरका बसतोय किंवा ग्राइंडर एका बाजूला ढीग टाकतोय. दर वेळी जागा बदलत असेल तर गुठळ्या आहेत.

वापरलेल्या पकवरून निष्कर्ष काढताना मात्र जपून. बऱ्याच मशीनमध्ये शॉट संपल्यावर व्हॉल्व्ह दाब उलट दिशेने सोडतो, त्यात पकचा वरचा भाग विस्कटतो. ओला, चिखलासारखा पक म्हणजे चॅनलिंग असंही नाही. बऱ्याचदा बास्केटच्या मानाने पूड कमी असते एवढंच.

आणि हे सगळं करण्याआधी तुमची बास्केट उलटी करून बघा. तळाला शेकडो छिद्रं दिसण्याऐवजी बाहेरून एकच बारीक छिद्र असेल, तर ती दुहेरी तळाची प्रेशराइज्ड बास्केट आहे. स्वस्त मशीनसोबत बहुधा तीच येते. तिच्यात पाण्याला अडवण्याचं काम मुख्यतः ते छिद्र करतं, पक नाही, त्यामुळे सुया आणि टॅम्परच्या मेहनतीचा फरक फार कमी जाणवेल. तुमच्या मशीनच्या व्यासाची, ५१, ५४ किंवा ५८ मिमी जी असेल ती, साधी एकेरी बास्केट वेगळी मिळते. पण ती लावली की दुकानातून दळून आणलेली पूड चालणार नाही, एस्प्रेसोइतकं बारीक दळणारा ग्राइंडर घरात लागेल.