गोदामात आग लागली तर विमा कंपनीला पत्रात काय लिहायचं?

आग विझली की त्याच दिवशी विमा कंपनीला फोन करा आणि लगेच ईमेलही पाठवा. त्यात पॉलिसी क्रमांक, पत्ता, आगीची वेळ आणि अंदाजे नुकसान एवढं पुरेसं आहे. प्रमाणित अग्नी पॉलिसीत सविस्तर लेखी दावा 15 दिवसांत द्यायचा असतो. तोवर सर्वेक्षक येऊन पाहून जाईपर्यंत जळालेला माल हलवू नका.

खरी मेख रकमेत आहे. समजा, भिवंडीत कापडाचं गोदाम आहे. 1 एप्रिलला 18 लाखांचा माल होता, नंतर 22 लाखांची खरेदी झाली. विक्री 25 लाखांची झाली, पण त्या मालाची खरेदी किंमत 20 लाख. म्हणजे आगीच्या दिवशी गोदामात 20 लाखांचा माल होता. 4 लाखांचा वाचला, तर नुकसान 16 लाख. नफा यात धरायचा नाही.

आता विमा 15 लाखांचाच असेल तर? मालाच्या तीन चतुर्थांश किमतीचाच विमा असल्याने भरपाईही त्याच प्रमाणात, म्हणजे 12 लाख धरली जाते.

पत्रासोबत अग्निशमन दलाचा अहवाल, पोलीस पंचनामा, फोटो, खरेदी-विक्रीची बिलं, स्टॉक रजिस्टर आणि जीएसटी रिटर्न जोडा. कर्ज असेल तर बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंटही तपासलं जातं. तिथे 12 लाख आणि दाव्यात 20 लाख दिसले, तर दावा तिथेच अडकतो. फरकाचं कारण पत्रातच लिहा आणि पोच घ्यायला विसरू नका.