नैसर्गिक वायूच्या चार्टवरील ‘गॅप’ : खरी कोणती, भासमान कोणती?

नैसर्गिक वायूच्या चार्टवर आदल्या दिवसाचा बंद भाव आणि दुसऱ्या दिवसाचा पहिला सौदा यांच्यात अनेकदा मोठी पोकळी दिसते. व्यापारी तिला ‘गॅप’ म्हणतात. काही वेळा तेथे वायूचा भाव खरोखर बदललेला असतो, तर काही वेळा केवळ चार्टवरील करार बदललेला असतो.

पहिल्या प्रकाराचे मूळ हवामानात आहे. एमसीएक्सवरील वायूचा वायदा अमेरिकेतील हेन्री हब केंद्राच्या भावाशी निगडित आहे. शनिवार-रविवारी तेथील थंडीचा अंदाज बदलला, की न्यूयॉर्कचा बाजार सोमवारी पहाटे, भारतीय वेळेनुसार हिवाळ्यात साडेचारला, नव्या भावाने उघडतो. एमसीएक्स उघडते ते सकाळी नऊला. समजा, शुक्रवारी ३०० रुपयांनी खरेदी करून २९० वर स्टॉपलॉस लावला आणि सोमवारी बाजार २७८ वर उघडला, तर सौदा २७८ च्या आसपासच तुटतो. १२५० एककांच्या एका लॉटवर अपेक्षित १२,५०० ऐवजी सुमारे २७,५०० रुपयांचा तोटा होतो.

दुसऱ्या प्रकारामागे साठवणूक आहे. अमेरिकेत साधारणपणे एप्रिल ते ऑक्टोबर भूगर्भात वायू भरला जातो आणि नोव्हेंबर ते मार्च तो उपसला जातो. त्यामुळे ऐन थंडीतील फेब्रुवारीचा वायू आणि हिवाळा सरतानाचा मार्चचा वायू यांचे भाव वेगळे असू शकतात. २७ जानेवारी २०२२ रोजी फेब्रुवारी करार मुदतीच्या अखेरच्या दिवशी सुमारे ४६ टक्क्यांनी उसळून ६.२६५ डॉलरवर बंद झाला. त्याच दिवशी मार्च करार मात्र ४.२८ डॉलरच्या आसपास होता. मुदत संपत असताना मंदीचे सौदे मिटवण्यासाठी झालेल्या खरेदीचा तो परिणाम मानला गेला. दुसऱ्या दिवशी करारांना जोडून काढलेल्या ‘कंटिन्युअस’ चार्टवर भाव कोसळल्याचे दिसले. प्रत्यक्षात मार्च करार वधारून ४.६ डॉलरच्या पुढे बंद झाला होता.

धान्यातही हेच घडते. शिकागोच्या मक्यात जुलैचा करार जुन्या पिकाचा, तर डिसेंबरचा नव्या पिकाचा असतो. जुना साठा आटला असेल आणि नवे पीक चांगले येण्याची चिन्हे असतील, तर करार बदलताच चार्टवर मोठी घसरण दिसते.

दोन्हींतील फरक ओळखण्यासाठी त्याच तारखेला पुढील महिन्याच्या कराराचा स्वतंत्र चार्ट पाहावा. तेथेही गॅप असेल, तर भाव खरोखर हलला आहे. तेथे ती नसेल, तर ‘गॅप भरून निघेल’ या अपेक्षेने केलेल्या सौद्याला आधार उरत नाही. कारण जुना करार संपलेला असतो आणि नव्या कराराने तो भाव पाहिलेलाच नसतो.